आधी भिंत, मग आरसा

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातलं, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेलं गाव. नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारांपैकी एक इथंच आहे. या पट्ट्यात आजही तीन तऱ्हेच्या भिंती शेजारी शेजारी उभ्या दिसतात. जुन्या कवेलूच्या घराची जाड मातीची भिंत, नंतर बांधलेल्या खोलीची लाल विटेची भिंत, आणि अलीकडच्या बांधकामात राखेच्या करड्या विटांची भिंत. तिरोड्यात औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे राखेची वीट या भागात परकी नाही. बाथरूममध्ये टाइल्स बसल्या की विटेची कुठलीही भिंत वरून सारखीच गुळगुळीत दिसते. आरशाचं कपाट बसवताना खरी फसगत होते ती इथेच.

बाथरूम लहान असतं याला कारणंही आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरलेलं आहे, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही आली. जुन्या घराला मागून जोडलेलं बाथरूमही बहुधा ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब एवढंच निघतं. एवढ्या जागेत वेगळा आरसा, वेगळी फळी आणि वेगळा दिवा लावण्यापेक्षा तिन्ही कामं करणारं एक कपाट लावावं हा विचार अगदी योग्य आहे. चूक होते ती क्रमात. दुकानात आधी आरसा आवडतो, मग दिवा आवडतो, कपाट घरी येतं, आणि भिंतीचा प्रश्न ड्रिल मशीन हातात घेतल्यावर निघतो. हा क्रम उलटा करायला हवा. भिंतीत काय आहे, भिंतीसमोर किती जागा आहे आणि त्या जागेतून कोण कसं ये-जा करतं हे आधी कागदावर मांडलं, तर कपाटाची खोली, बिजागरीची बाजू आणि दिवा हे तिन्ही निर्णय जवळजवळ आपोआप होतात.

एक नमुना घेऊन चालू. बाथरूम ४ बाय ६ फुटांचं. दार ४ फुटी भिंतीत, अडीच फूट रुंद, आत उघडणारं. दाराच्या बिजागऱ्या उजव्या अंगाला, उजव्या भिंतीपासून ६ इंच सोडून. आत शिरताच डाव्या भिंतीवर १६ बाय १२ इंचांचं छोटं बेसिन, त्याचा मध्य दाराच्या भिंतीपासून १८ इंचांवर. आंघोळीचा नळ आणि बादली पलीकडच्या टोकाला. बेसिनच्या वर १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच असं एका झडपेचं कपाट लावायचं आहे. अशी रचना आपल्याकडे सर्रास आढळते.

पहिला प्रश्न खोलीचा. दुकानात ४ इंचांपासून ८ इंचांपर्यंतची कपाटं मिळतात, आणि जास्त सामान मावेल म्हणून माणूस ८ इंची उचलतो. पण बेसिन आहेच १२ इंचांचं. चूळ भरायला किंवा तोंड धुवायला माणूस वाकतो तेव्हा त्याचं कपाळ बेसिनच्या मधोमध, कधी त्याच्याही पुढे जातं. ८ इंची कपाटाखाली वाकलं की डोकं उचलताना खालची कड लागलीच म्हणून समजा. म्हणून १२ इंचांच्या बेसिनवर बाहेरून ५ इंचांपेक्षा खोल कपाट नको, आणि कपाटाची खालची कड बेसिनच्या काठापासून निदान १४-१५ इंच वर हवी. बेसिनचा काठ साधारण ३२ इंचांवर असतो, म्हणजे कपाट ४७ इंचांवर सुरू होऊन ७१ इंचांवर संपेल. घरातल्या बहुतेकांचा चेहरा आरशात येतो आणि वरच्या फळीवर हातही पोचतो.

५ इंचांतून पाठीचा पत्रा, झडप आणि आरसा वजा केला की आत साधारण ४ इंच उरतात. दात घासायची पेस्ट, ब्रश, तेलाची लहान बाटली, दाढीचं सामान, औषधाच्या पट्ट्या यांना तेवढं पुरतं. साबणाच्या मोठ्या पुड्यासाठी किंवा फिनाइलच्या बाटलीसाठी हे कपाट नाहीच. ते खाली किंवा बाहेर ठेवावं.

काही जण म्हणतात, कपाट भिंतीतच बसवू, म्हणजे खोलीचा प्रश्नच मिटेल. जुन्या मातीच्या भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा असे. भिंत हात-दीड हात जाड असल्यामुळे ते साधत होतं. बाथरूमची भिंत मात्र बहुधा साडेचार इंची, म्हणजे एकेरी विटेची असते. तिच्यात ४ इंच कोरलं तर मागे प्लास्टरचा पापुद्रा राहील आणि वाटेत पाण्याची पाइपही असेल. बांधकाम चालू असताना ९ इंची भिंतीत कोनाडा सोडायला सांगता येतं. बांधून झालेली साडेचार इंची भिंत कोरू नये.

आता बिजागरी. ती डावी की उजवी हे बहुतेक जण हाताच्या सवयीवर ठरवतात. लहान बाथरूममध्ये ते खोलीच्या दारावर ठरवावं लागतं. आपल्या नमुन्यात बेसिनकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला प्रवेशाचं दार आणि उजव्या हाताला नळ येतो. कपाट दाराच्या भिंतीपासून ९ इंचांवर सुरू होतं आणि २७ इंचांवर संपतं. झडप सरळ उघडली की ती भिंतीपासून १८ अधिक ५, म्हणजे २३ इंच बाहेर येते.

बिजागरी डावीकडे ठेवली तर ही उघडी झडप दाराच्या भिंतीपासून ९ इंचांवर उभी राहील. खोलीचं दार आत फिरतं तेव्हा त्याची कड या ठिकाणी डाव्या भिंतीपासून साधारण साडेतेरा इंचांवरून जाते. झडप आहे २३ इंच बाहेर. म्हणजे कुणी बाहेरून दार ढकललं की ते थेट उघड्या आरशावर आदळणार. दार उघडंच असेल तरी आत येणाऱ्याच्या वाटेत, डोळ्यांच्या उंचीवर, काचेची धार आडवी येते.

बिजागरी उजवीकडे, नळाच्या बाजूला ठेवली तर उघडी झडप २७ इंचांवर उभी राहते. तिथे दाराची कड डाव्या भिंतीपासून जवळजवळ २९ इंचांवरून फिरते. २३ आणि २९ यांच्यात ६ इंचांची मोकळीक मिळते. शिवाय उघडी झडप नळाकडून येणारे शिंतोडे अडवते, आणि औषधं कोरडी राहतात. तेव्हा या बाथरूममध्ये बिजागरी उजवीकडेच हवी. यात एक अडचण आहे: उजव्या हाताने काम करणाऱ्याला झडप डाव्या हाताने उघडावी लागते आणि उजवा हात झडपेच्या बाजूने आत घालावा लागतो. झडप ९० अंशांच्या पुढे, १०५-११० अंशांपर्यंत उघडणारी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो. सुतार जिला ऑटो बिजागरी म्हणतात तिचे साधे प्रकार बहुधा एवढे उघडतात. पण घेताना उघडून बघावंच.

हे गणित कुणाला किचकट वाटलं तर त्याला सोपी वाट आहे. पुठ्ठ्याचा १८ इंच रुंद तुकडा कापायचा, तो भिंतीपासून ५ इंच पुढे, झडप जिथे उभी राहणार तिथे एकाने धरायचा, आणि दुसऱ्याने खोलीचं दार पूर्ण उघडून-मिटून बघायचं. मग दुसऱ्या बाजूला तसंच. पाच मिनिटांत डावी-उजवीचा निकाल लागतो. कपाट कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीला खेटून येत असेल तर बिजागरी त्या भिंतीकडेच असावी, म्हणजे उघडी झडप भिंतीलगत जाते. तेव्हा मूठ भिंतीला अडणार नाही एवढी, दीड-दोन इंचांची फट मात्र सोडावी.

बिजागरीचा आणि दिव्याचा एक संबंध दुकानात सहसा कुणी सांगत नाही. साधं, बिनदिव्याचं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं कपाट बहुतेक वेळा उलटं टांगता येतं. वरची बाजू खाली केली की डावी बिजागरी उजवी होते, फळ्या तेवढ्या फिरवून लावायच्या. पण कपाटात वरच्या अंगाला दिवा असेल, वायर आत येण्याचं भोक ठरलेलं असेल, तर ते उलटं करता येत नाही. म्हणून दिव्याचं कपाट घेताना बाजू आधी ठरलेली असली पाहिजे.

दिवा कुठे आहे हेही बघायचं. झडपेवरच, आरशाभोवती पट्टी असलेलं कपाट दिसायला सुरेख असतं. पण त्याची वायर बिजागरीजवळून झडपेत जाते आणि दर उघडझापीला तिथेच वाकते. काही काळाने वायर आतल्या आत तुटते, आणि झडप अमुक कोनात असली की दिवा लागतो, नाहीतर विझतो. हे लक्षण दिसलं की तो दिवा वापरणं थांबवावं. दिवा पेटीच्या न हलणाऱ्या भागावर असलेला बरा. चेहऱ्यासाठी सगळ्यात चांगला उजेड दोन्ही बाजूंनी येणारा. नुसता वरून आलेला उजेड डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पाडतो, आणि दाढी करताना नेमकी तीच जागा दिसत नाही.

विजेच्या बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. बाथरूमसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, टब नसलेल्या न्हाणीत शॉवरच्या पाण्याच्या तोटीपासून १.२ मीटरपर्यंतची जागा ओली धरतात, आणि तिथल्या उपकरणाला निदान IPX4 दर्जाचं, म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे सोसणारं आवरण लागतं. ४ बाय ६ फूट म्हणजे १.२ बाय १.८ मीटर. अशा बाथरूममधली बेसिनची जागा त्या हद्दीत किंवा तिच्या उंबरठ्यावरच येते. तेव्हा खोक्यावर IP44 किंवा त्याहून वरचा आकडा छापलेला नसेल तर ते दिव्याचं कपाट इथे घेऊ नये. त्याहून चांगलं म्हणजे १२ व्होल्टवर चालणारी एलईडी पट्टी घ्यावी आणि २३० व्होल्टचा ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर, दारावरच्या कोरड्या जागी बसवावा. मग ओल्या खोलीत फक्त १२ व्होल्ट येतात, आणि ड्रायव्हर जळाला तर तेवढाच बदलता येतो. दिव्याचं बटणही बाहेरच हवं, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी. आरशाच्या कपाटातच दाढीच्या मशीनसाठी साधा प्लग पॉइंट काढून घेण्याची हौस बऱ्याच जणांना असते. तो तिथे नको.

दिव्याचा रंगही इथल्या हवामानाला धरून ठरवावा. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून आणि जंगलातून येणारे किडे निळसर पांढऱ्या उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळसर उजेडाकडे कमी. दिव्याचं आवरण बंदिस्त नसेल तर चार-सहा आठवड्यांत ते मेलेल्या किड्यांनी भरतं. म्हणून ४००० केल्विनच्या आसपासचा किंवा त्याहून थोडा पिवळसर, पूर्ण बंद आवरणाचा दिवा इथे चांगला. त्या उजेडात त्वचेचा रंगही खरा दिसतो.

एवढं ठरलं की प्रत्यक्ष बसवण्याकडे वळायचं. कपाट पडतं कसं हे समजलं तर बसवताना कुठे काळजी घ्यायची ते कळतं. आपल्या कपाटाचा ४ मिलिमीटर जाड आरसा जवळजवळ पावणेतीन किलोचा होतो. पेटी, झडप आणि सामान धरून एकूण १२ किलो म्हणू. झडप बंद असताना हे वजन भिंतीला चिकटून खाली ओढतं. वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर खेचणारा जोर जेमतेम दीड किलोचा असतो. म्हणूनच वाईट बसवलेलं कपाटही वर्षभर बिनतक्रार टांगलेलं राहतं. आता झडप उघडी आहे, ओल्या फरशीवर कुणाचा पाय सरकला आणि त्याने झडपेची कड धरली. कडेवर ३० किलोचा भार आला, ती भिंतीपासून २३ इंच दूर, आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमधलं अंतर २० इंच. वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर एकदम ३५ किलोच्या आसपास जातो, आणि त्यातला बहुतेक बिजागरीच्या बाजूच्या एकाच स्क्रूवर. त्या एका स्क्रूवर भरवसा ठेवून कपाट बसवायचं आहे.

कपाटासोबत पुडीत मिळणारे स्क्रू बहुधा दीड इंची असतात. टाइल लावलेल्या भिंतीचा छेद डोळ्यांपुढे आणा. वर ८ मिलिमीटरची टाइल, तिच्यामागे सिमेंटचा माल, त्यामागे प्लास्टर, आणि मग वीट. टाइलच्या पृष्ठभागापासून विटेपर्यंत सहज ३० मिलिमीटर होतात. कपाटाच्या पाठीचे ६ मिलिमीटर धरले तर दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचा स्क्रू विटेला जेमतेम टेकतो. सगळा भार टाइल आणि प्लास्टरवर राहतो. टाइलमागे पोकळी असेल तर फक्त टाइलवर. स्क्रू घ्यायचा तो ३ इंची, १० नंबरचा, स्टेनलेस स्टीलचा. ७५ मधून ३६ गेले की ३९ मिलिमीटर विटेत राहतात. त्याला ८ मिलिमीटरचा प्लास्टिकचा प्लग, पूर्ण विटेत बसणारा. साडेचार इंची भिंतही एवढ्या भोकाने आरपार जात नाही.

भोक पाडण्याआधी पाइप कुठून गेली ते शोधायचं. बेसिनच्या नळाला पाणी बहुधा भिंतीतून वरून किंवा खालून सरळ रेषेत येतं, आणि गिझर असेल तर त्याच्याकडून आडवी पाइप येते. नळाच्या मध्यापासून वर काढलेल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच भोक पाडू नये. कपाट १८ इंच रुंद असलं तर त्याच्या कडेजवळचे स्क्रू या पट्ट्याच्या बाहेरच पडतात. बटणाच्या बोर्डावरून सरळ वर किंवा बाजूला वायरची नळी असते, तिथेही हात घालू नये. प्लंबिंग झाकण्याआधी कुणी मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर त्याच्याइतका खात्रीचा नकाशा नाही. काम सुरू करताना त्या खोलीची मेन लाइन बंद करावी आणि ड्रिल दुसऱ्या खोलीतून लांब वायर आणून चालवावं.

टाइलवर बोटाने ठोकून बघावं. ठक्क असा भरीव आवाज आला तर मागे माल भरलेला आहे. ढब असा पोकळ आवाज आला तर भोक दुसऱ्या टाइलवर घ्यावं. जागा टाइलच्या कडेपासून निदान एक इंच आत असावी. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत टाइलचं खास बिट आणि हॅमर बंद. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हॅमर चालू राहिला की टाइलला केसासारखी चीर जाते, आणि ती कधी कधी आठवडाभराने दिसते. टाइल पार झाली की काँक्रीटचं ८ मिलिमीटरचं बिट लावायचं.

इथून पुढे पडणारी भुकटी बघत राहायची. आधी टाइलची पांढरट भुकटी, मग सिमेंटची करडी, आणि मग वीट लागली की लाल. लाल दिसायला लागली तिथली खोली बिटवर खूण करून मोजली की टाइल ते वीट हे खरं अंतर कळतं, अंदाज लावावा लागत नाही. त्यापुढे ४५ मिलिमीटर गेलं की भोक पुरेसं झालं. राखेच्या विटेत भुकटीचा रंग फारसा बदलत नाही, सिमेंटही करडं आणि वीटही करडी. तिथे रंगाऐवजी हाताला लागणारा जोर बघायचा. चांगली पिकलेली राखेची वीट बिटाला एकसारखा विरोध करते. बिट एकदम सैल होऊन आत गेलं, भुकटी पिठासारखी मऊ पडली, तर वीट कच्ची आहे. अशा भिंतीत हॅमर पूर्ण बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडावं, आणि प्लग हाताने सहज आत जाऊन फिरत असेल तर ती जागा सोडावी. दोन-तीन जागा अशाच निघाल्या तर कपाट सरळ भिंतीवर न टांगता आधी ४ इंच रुंद डब्ल्यूपीसीची पट्टी आठ-दहा ठिकाणी स्क्रूने बसवावी आणि कपाट त्या पट्टीला जोडावं. भार वाटला जातो.

मातीच्या भिंतीत मात्र प्लग पकडतच नाही, मग तो कितीही लांब असो. त्या भिंतीला बोल्ट आरपार घालून पलीकडून लाकडी पाटी आणि वॉशर लावावं, नाहीतर कपाट जमिनीवर पाय असलेल्या चौकटीवर उभं करावं.

भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने पूर्ण काढावी, आणि मग आत थोडं सिलिकॉन भरून प्लग ठोकावा, म्हणजे पाणी भिंतीत मुरत नाही. प्लगचं तोंड टाइलच्या मागे ढकललेलं हवं. तो टाइलमध्ये असतानाच स्क्रूने फुगला तर टाइलच तडकते. सिलिकॉन घेताना वास नसलेलं, न्यूट्रल घ्यावं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन आरशाच्या पाठीचा मुलामा खातं, आणि कडेने काळे डाग सरकत येतात. पाणसळ लावून वरचे दोन स्क्रू, मग खालचे दोन. वरची आणि बाजूची फट सिलिकॉनने बंद करावी आणि खालची उघडी ठेवावी, म्हणजे मागे गेलेलं पाणी निथळून जातं.

सामान भरण्याआधी रिकाम्या कपाटाची झडप उघडून तिच्या कडेवर हाताने हळूहळू जोर द्यावा आणि दुसऱ्याने बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा बघावा. तिथे टाइल आणि कपाट यांच्यातली फट कागद जाईल एवढीही उघडली तर तो स्क्रू विटेत नाही. तो काढून भोक पुन्हा मोजावं, आणि गरज पडली तर एक इंच वर किंवा खाली नवं भोक घ्यावं. पुढेही हीच परीक्षा पावसाळा संपल्यावर एकदा करावी. झडप आपोआप उघडी राहायला लागली, किंवा आधी नीट बसणारी झडप खालच्या कडेला घासायला लागली, तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघावेत. ते घट्ट असूनही घासत असेल तर कपाट भिंतीपासून सुटायला लागलं आहे. अशा वेळी सामान काढून घ्यावं आणि नवा स्क्रू लागेपर्यंत झडप दोरीने बांधून ठेवावी.